वऱ्हाडचा उकाडा आणि आंतले कपडे

गंजीफ्रॉक, चड्डी, परकर आणि पायमोजे या वस्तु आपण दुकानांत जरा घाईनेंच घेतों. साडीचा पदर पारखण्यास अर्धा तास घालविणारी गृहिणी बनियनाचें पाकीट न उघडतांच पिशवींत टाकते. आणि कोटाच्या कापडाची चौकशी करणारे गृहस्थ मोज्यांचा केवळ रंग पाहतात. परंतु जें वस्त्र दिवसाचे चोवीस तास अंगाला चिकटून राहतें, त्याची निवड चुकली तर तिचें प्रायश्चित्त कातडीला भोगावें लागतें. म्हणून या विषयावर आज थोडें मोकळेपणानें बोलण्याचें मीं ठरविलें आहे.

"उन्हाळ्यांत सुती कपडा घालावा" हा उपदेश आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेला आहे. तो खोटा नाहीं. पण तो अर्धाच आहे. कारण अमरावती-अकोल्याकडे उन्हाळा एक नसून दोन आहेत. पहिला चैत्र-वैशाखांतला. त्या वेळीं पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, पण हवा इतकी कोरडी असते कीं अंगणांत टाकलेलें धोतर तासाभरांत कडकडीत वाळतें. दुसरा उन्हाळा मृगाच्या पावसानंतर येतो. पाऊस उघडीप देतो, ढग मात्र तसेच राहतात, पारा तिशीच्याच आसपास असतो, आणि तरीही जीव नकोसा होतो. हाच तो दमट उकाडा. तो कोंकणाप्रमाणें आपल्याकडे बारमाही नसल्यामुळें आपण त्याची तयारी कधींच करीत नाहीं. वैशाखांत जें बनियन सुखाचें वाटलें, तेंच श्रावणांत घालतों आणि मग घामोळ्यांना व नायट्याला दोष देतों.

या दोन उन्हाळ्यांतला फरक समजण्यास प्रयोगशाळेची गरज नाहीं. आपल्या खिडकींतला कूलर पाहावा. वैशाखांत त्याच्या ओल्या वाळ्यांतून किंवा गवतांतून कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ होतांना लागणारी उष्णता हवेंतून काढून घेतली गेल्यामुळें खोली गार होते. तोच कूलर श्रावणांत लावला तर गारवा येत नाहीं. उलट गादीदेखील ओलसर लागते. आपली कातडी हा असाच एक कूलर आहे. एक लिटर घाम पूर्णपणें वाळला तर तो शरीरांतून सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता काढून नेतो. पण तोच घाम टपटप गळून गेला किंवा कापडांत नुसता मुरून राहिला, तर गारवा मिळत नाहीं. तात्पर्य, आंतल्या कपड्याचें काम घाम पिऊन टाकणें एवढेंच नाहीं, तर तो पसरवून लवकर हवेच्या स्वाधीन करणें हें आहे.

आतां थोडा हिशेब करूं. हवेंतील वाफेचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात. घामेजलेल्या कातडीची उष्णता ३५ अंश धरली तर तिच्यावरील वाफेचा दाब सुमारें ४२ मिलिमीटर असतो. मे महिन्यांतील दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हवेंतील दाब सुमारें १० भरतो. म्हणजे घामाला बाहेर ओढणारा फरक ३२ मिलिमीटर झाला. ऑगस्टांतील ढगाळ दुपारी हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर हवेंतील दाब २७ होतो आणि फरक उरतो केवळ १५. अंगावरचा घाम वाळण्याचा वेग असा निम्म्यावर येतो.

पण खरी गोष्ट पुढेंच आहे. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्याला शरीराची ऊब नसते. त्याचें पाणी वाळूं लागलें कीं कपडा स्वतःच गार होतो, आणि गार झाला कीं वाळण्याचा जोर आणखी कमी होतो. हा हिशेब केला तर वैशाखांत सांवलींतल्या ओल्या कपड्यामागें सुमारें १० मिलिमीटरांचा जोर असतो, आणि श्रावणांत अवघा १ मिलिमीटर! म्हणजे ऊन व वारा नसेल तर अंगावरचा कपडा निम्म्या वेगानें वाळतो, पण दोरीवरचा कपडा दशांश वेगानें. दमट दिवसांतील बहुतेक दुःखांचें मूळ अंगावर नसून दोरीवर आहे, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे पुढील सर्व निवड सोपी होते.

आमच्या परिचयांतील अमरावतीच्या एका कुटुंबाचा अनुभव येथें सांगण्याजोगा आहे. घरांत आईवडील, कॉलेजांत जाणारा मुलगा आणि शाळेंतली मुलगी अशीं चौघें. जुलैच्या अखेरीस मुलाच्या जांघेंत एक लालसर, खाजणारें वर्तुळ उठलें. लाजेपोटीं त्यानें कोणास सांगितलें नाहीं. मित्रानें सुचविलेलें एक मलम दुकानांतून आणून लावलें. चार दिवसांत खाज थांबली. पंधरा दिवसांनीं वर्तुळ पूर्वीपेक्षां मोठें होऊन परत आलें, आणि गणपति बसेपर्यंत वडिलांच्या कमरेवर व मुलीच्या मांडीवरही तशींच वर्तुळें दिसूं लागलीं. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर उलगडा झाला. मलमांत स्टेरॉइड होतें. तें खाज व लाली दडपतें, पण बुरशीला मारीत नाहीं; उलट तिला मोकळें रान मिळतें. आपल्या देशांत गेल्या कांहीं वर्षांत जो हट्टी नायटा पसरला आहे, त्याच्या बुरशीच्या एका जातीला २०२० सालीं भारतावरूनच नांव पडलें. नेहमींच्या कांहीं औषधांना ती दाद देत नाहीं.

डॉक्टरांनीं औषध दिलें, आणि मग विचारलें, "कपडे कोठें वाळत घालतां?" पावसामुळें ते न्हाणीघरालगतच्या बोळांत, एकावर एक, एकाच दोरीवर वाळत असत. मुलाजवळ तीनच चड्ड्या होत्या, त्याही जाड कापडाच्या आणि रुंद उघड्या इलॅस्टिकच्या. सकाळीं धुतलेली चड्डी दुसऱ्या दिवशीं हाताला वाळलेली वाटे, पण पट्ट्याच्या व शिवणीच्या घड्या आंतून ओल्याच असत. मुलगा रोज ओली चड्डी घालीत होता आणि त्याला तें माहीतही नव्हतें. टॉवेल दोघांचा एक होता. औषधाइतकाच या कुटुंबाला उपयोग झाला तो कपडे बदलण्याचा. त्यांनीं काय बदललें, तें आतां क्रमानें पाहूं.

पहिली गोष्ट तंतूची. कापूस कातडीला मऊ लागतो, पाणी चटकन् ओढतो, आणि ओला झाल्यावर दुबळा न होतां अधिक मजबूत होतो. म्हणून त्याला उकळतें पाणी व घासणें सोसतें. अंतर्वस्त्राला हे गुण मोलाचे आहेत. दोष एवढाच कीं ओढलेलें पाणी तो सहज सोडीत नाहीं. पॉलिएस्टरची गोष्ट उलट. त्याचा तंतु स्वतः जवळजवळ पाणी पीतच नाहीं. नेहमींच्या हवेंत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाहीं. तें लवकर वाळतें, म्हणून खेळाच्या सैल बंडीला चांगलें. पण अंगाचें तेल त्याला चिकटून बसतें आणि धुऊनही वास जात नाहीं. शिवाय घट्ट बसणाऱ्या चड्डींत घाम शोषला न जातां कातडीवर साचून राहतो. तिसरा वर्ग व्हिस्कोजचा. "बांबूचें कापड" म्हणून जें विकलें जातें, तें बहुतेक वेळां बांबूच्या लगद्यापासून केलेलें व्हिस्कोजच असतें. तें रेशमासारखें मऊ व थंड लागतें खरें, पण कापसाहून अधिक पाणी धरतें आणि ओलें असतांना त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. मोडाल त्याच जातीचें, पण ओलेपणीं त्याहून बरेंच टिकाऊ.

मग श्रावणांत घ्यावें काय? माझें उत्तर असें कीं तंतु कापसाचाच ठेवावा, पण कापड पातळ करावें. कापडाचें पाणी त्याच्या वजनाच्या प्रमाणांत असतें, आणि वाळण्याचा वेग त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. एका चौरस मीटरला १२० ग्रॅम वजन असलेलें आणि १८० ग्रॅम वजन असलेलें अशीं दोन बनियनें सारखींच पिळून शेजारीं वाळत घातलीं, तर दुसऱ्यास सुमारें दीडपट वेळ लागतो. तंतु तोच, वीण तीच. फरक केवळ जाडीचा. दुकानांत तराजू नसतो, पण बनियनाखालीं हात धरला असतां बोटांची आकृति धूसर दिसावी, एवढा पातळपणा पुरे. साधी एकेरी वीण दुहेरी विणीपेक्षां हलकी असते; आणि जाळीदार बनियन, ज्याला तरुण मंडळी हंसतात, तें या दिवसांत सर्वांत शहाणपणाचें आहे. चड्डींत पांच ते आठ टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असण्यास हरकत नाहीं. त्यामुळें आकार टिकतो.

पातळ कापड टिकाऊ व्हावयाचें तर सूत चांगलें हवें, आणि येथें आपल्या वऱ्हाडच्या कापसाची आठवण होणें साहजिक आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळांत इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हां लिव्हरपुलच्या बाजारांत आपल्या कापसाला मोठें गिऱ्हाईक आलें. अमरावतीवरूनच त्याला तेथें "ऊमरा" असें नांव पडलें होतें. पण तो जुना कापूस आंखूड तंतूचा, पाऊण इंचाच्या आसपासचा. त्याचें सूत जाडेंभरडें निघे. आंखूड तंतूंचीं टोकें सुताबाहेर डोकावतात; तींच कातडीला खुपतात आणि तींच सुटून कापडावर गोळे धरतात. आज आपल्या शेतांत बहुतेक लांब तंतूचा संकरित कापूस पिकतो. तरीही सूत कातण्यापूर्वीं उरलेसुरले आंखूड तंतु विंचरून काढावे लागतात. पाकिटावर "कोम्ब्ड कॉटन" असें छापलेलें असतें त्याचा अर्थ हाच, विंचरलेल्या कापसाचें सूत. पातळ बनियन घेतांना हे दोन शब्द अवश्य शोधावे. वऱ्हाडांतून गेलेला कापूस तिरुपूरला किंवा कलकत्त्याला जाऊन गंजीफ्रॉक होऊन परत येतो; निदान तो चांगला होऊन आलेला आपण घ्यावा.

खरेंखोटें पारखण्याचे दोन सोपे उपाय आहेत. नवा कपडा आधीं एकदां धुवावा, कारण नव्या कापडावरील मऊपणाच्या द्रव्यामुळें पाणी निसटतें. मग त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. चांगलें सुती कापड तो कांहीं क्षणांत पिऊन मोठा डाग पसरवतें. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर कांहीं तरी भेसळ किंवा लेप आहे असें समजावें. दुसरा उपाय धाग्याचा. शिवणींतून नव्हे, कापडांतून एक धागा काढून चिमट्यानें धरून जाळावा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ करडी राख राहते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतें आणि त्याचा कठीण काळा मणी बनतो. मिश्रण असेल तर राखेंत कठीण खडे लागतात. हा प्रयोग मोठ्या माणसानें, पाण्याचें भांडें जवळ ठेवूनच करावा.

आतां शिवणीकडे वळूं. ओली कातडी कोरडीपेक्षां लवकर सोलवटते, म्हणून कोरड्या दिवसांत न जाणवणारी शिवण दमट दिवसांत करवतीसारखी लागते. कपडा उलटा करून शिवणीवरून अंगठा फिरवावा. दोन कापडें एकमेकांवर सपाट बसवून शिवलेलीं असतील तर अंगठा अडत नाहीं. दुकानदार या शिवणीला फ्लॅटलॉक म्हणतात. कांठ एकत्र धरून ओव्हरलॉक केलेली शिवण उभ्या कण्यासारखी हाताला लागते. ती खांद्यावर चालेल, जांघेंत चालणार नाहीं. गोल विणीच्या बनियनाला कुशीला शिवणच नसते, हें सर्वांत उत्तम. मग शिवण दोन्ही हातांनीं हलकेच ताणावी. टांक्यांमधून उजेड दिसला किंवा धागा कटकन् तुटला तर तो नग ठेवून द्यावा. मानेमागें शिवलेल्या चिठ्ठीऐवजीं छापलेला मजकूर असेल तर घामोळें आलेल्या मानेला तेवढेंच सुख. स्त्रियांच्या चड्डींत आंतली पट्टी निर्भेळ सुती आहे ना, हें पाहावें, बाकीचें कापड कसलेंही असो. चोळीच्या बाबतींत, आंत फोमची गादी असलेला प्रकार या दिवसांत टाळावा. गादी पाणी धरते, दोन दिवस वाळत नाहीं, आणि स्तनांखालच्या घडींत कातडी पांढरी पडून चिरते.

इलॅस्टिक शक्यतों कापडानें मढविलेलें असावें. उघडें रबर घामांत कातडीला लागून कांहींजणांना कमरेभोंवतीं खाजरा पट्टा उठतो. तें दुप्पट ताणून सोडावें. पूर्ववत् आलें तर ठीक. पण घट्टपणा म्हणजे चांगुलपणा नव्हे. दिवसाअखेर कमरेवर खोल खूण राहत असेल तर माप चुकलें. आपल्याकडे बनियनाचीं मापें छातीच्या सेंटिमीटरांत, म्हणजे ८०, ८५, ९०, ९५ अशीं असतात. छाती ९२ भरत असेल तर दमट दिवसांसाठीं ९५ चें घ्यावें. विणलेला सुती कपडा पहिल्या तीनचार धुण्यांत थोडा आटतो, हेंही त्यांत जमेस धरावें.

घट्टपणाबद्दल परकराच्या नाडीचा विशेष उल्लेख केल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. १९४५ सालीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. खानोलकर व डॉ. सूर्याबाई यांनीं कमरेला घट्ट बसणाऱ्या धोतराच्या जागीं होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. ती गोष्ट जुनी झाली असें कोणी म्हणूं नये. २०२४ सालीं वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनीं, बिहारांतील मधुबनीच्या सहकाऱ्यांसह, दोन स्त्रियांचे वृत्तान्त प्रसिद्ध केले. एकीच्या कमरेच्या उजव्या बाजूस नाडीच्या जागीं अठरा महिने एक व्रण बरा होत नव्हता. दुसरी परकर न नेसतां लुगडें घट्ट कसून नेसत असे. दोघींच्याही व्रणाचें रूपांतर कर्करोगांत झालेलें आढळलें. असे प्रकार फार विरळ आहेत, घाबरण्याचें कारण नाहीं. पण नाडीच्या रेषेवर कातडी काळवंडणें, खवले धरणें व खाजणें हें विरळ नाहीं, आणि घामाच्या दिवसांत तें वाढतें. उपाय सोपा आहे. बारीक दोरीऐवजीं दोन बोटें रुंदीची नाडी किंवा पट्टा घालावा, गांठ रोज थोड्या वेगळ्या जागीं यावी, घरीं असतांना सैल सोडावी, आणि महिन्याभरांत न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी.

पायमोज्यांचा न्याय थोडा निराळा आहे. बनियनाला वारा लागतो. मोजा मात्र बुटाच्या कोठडींत असतो, तेथें वाळण्याचा प्रश्नच नाहीं. तळपायाला घामाच्या ग्रंथि दाट. निव्वळ सुती मोजा घाम पितो, जड होतो, सैल पडतो, त्याला घड्या पडतात, आणि त्या घड्यांखालीं फोड येतात. म्हणून येथें मी शंभर टक्के कापसाचा आग्रह धरीत नाहीं. सत्तर-ऐशीं टक्के कापूस, पंधरा-पंचवीस टक्के नायलॉन आणि दोनचार टक्के इलॅस्टेन, हें मिश्रण दमट दिवसांत पायाला घट्ट धरून बसतें आणि टांचेशीं लवकर झिजत नाहीं. मोज्यांत हात घालून टांच व चवडा पाहावा. तेथें वीण दुहेरी किंवा नायलॉननें भक्कम केलेली असावी, वरचा भाग मात्र पातळ किंवा जाळीदार. बोटांवरून जाणारी शिवण बोटांनीं चांचपावी. ती दोरीसारखी जाड असेल तर करंगळीवर फोड ठरलेलाच. मधुमेह असणाऱ्यांना पायाची जखम कळत नाहीं. त्यांनीं सपाट शिवणीचे, सैल कांठाचे व पांढरे मोजे घ्यावे, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो.

मोजे रोज बदलणें हें तर झालेंच. पण बूटही वाळला पाहिजे. चामड्याचा भिजलेला बूट एका रात्रींत वाळत नाहीं. दोन जोड आळीपाळीनें वापरले आणि रात्रीं आंत रद्दी कागदाचे बोळे कोंबले, तर शाळेच्या मुलांच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या पुष्कळ कमी होतात. चिखल्यांची ती बुरशीच पुष्कळदां जांघेंत पोंचते, कारण चड्डी घालतांना ती पायावरून वर जाते. म्हणून पायाला चिखल्या असतील तर आधीं मोजे चढवावे, मग चड्डी; ही युक्ति हास्यास्पद वाटली तरी खरी आहे.

आतां विश्वासाच्या मालाचा प्रश्न. कोणती कंपनी घ्यावी, असें मला पुष्कळदां विचारतात. कलकत्त्याच्या रूपा, डॉलर व लक्स, मुंबईची व्हीआयपी, तिरुपूरच्या पूमेक्स व रामराज, आणि बंगळूरच्या पेज इंडस्ट्रीजनें अमेरिकन परवान्यानें केलेली जॉकी हीं नांवें आपल्या बाजारांत सर्वत्र मिळतात. परंतु केवळ नांवावर माल ठरत नाहीं. एकच कंपनी साधा, मध्यम व उंची असा निरनिराळा माल निरनिराळ्या उपनांवांनीं काढते. लक्सचें व्हीनस आणि लक्सचें ओएनएन, किंवा रूपाचें फ्रंटलाइन आणि रूपाचें मॅक्रोमॅन, हे एका घरचे असले तरी एक नव्हेत. तेव्हां "अमक्या कंपनीचें द्या" असें न म्हणतां उपनांव व प्रकार लिहून ठेवावा आणि दुसऱ्या वेळीं तोच मागावा.

विश्वास ठेवण्याजोग्या मालाच्या खुणा पाकिटावरच असतात. तंतूंची टक्केवारी स्पष्ट लिहिलेली असावी. "सॉफ्ट कॉटन फील" अशा शब्दांचा अर्थ कापसासारखा स्पर्श एवढाच, कापूस नव्हे. करणाऱ्याचें नांव व पत्ता, तयार झाल्याचा महिना व वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठीं संपर्क हीं बंद पाकिटावर छापणें कायद्यानें आवश्यक आहे. तीं अर्धवट किंवा अशुद्ध छापलेलीं असतील तर माल नकली असण्याचा संभव धरावा. आणि शेवटची परीक्षा घरची. आधीं एकच नग घ्यावा, तीनदां धुवावा, मापून पाहावा, शिवण वळली कां तें बघावें, आणि मगच अर्धा डझन आणावा. विश्वास जाहिरातीनें बसत नाहीं, तिसऱ्या धुण्यानें बसतो.

संख्येचा हिशेबही याच दोरीवरून करावा. दमट दिवसांत पातळ चड्डी सांवलींत पूर्ण वाळण्यास दीड दिवस लागतो असें धरा, म्हणजे ती तिसऱ्या दिवशींच घालण्याजोगी होते. सकाळीं एक आणि संध्याकाळीं बाहेरून आल्यावर एक अशा रोज दोन लागल्या, तर दोन दिवसांच्या चार दोरीवर आणि आजच्या दोन अंगावर, मिळून सहा. पावसाची झड लागली तर हाताशीं आणखी दोन. वैशाखांत ज्याचें तिहींत भागतें, त्याला श्रावणांत आठ हव्यात. एक भारी जोडी घेण्यापेक्षां दोन साध्या, पातळ जोड्या घेणें या दिवसांत अधिक फायद्याचें.

धुतांना अंतर्वस्त्रें व टॉवेल निराळे ठेवावे. ज्याला नायटा आहे त्याचे कपडे साठ अंशांच्या, म्हणजे हात घालवणार नाहीं इतक्या कढत पाण्यांत अर्धा तास ठेवावे. कडक ब्लीच इलॅस्टेनला खातें, तें टाळावें. कपडा उलटा करून, एकावर एक न येऊं देतां, पंख्याखालीं वाळत घालावा. कूलर लावलेल्या खोलींत मात्र वाळत घालूं नये. तेथील हवा आधींच पाण्यानें भरलेली असते. शेवटीं इस्त्री उलट्या बाजूनें शिवणींवरून फिरवावी, इलॅस्टिक सोडून. शिवणींत दडलेला ओलावा तिच्यानेंच जातो. ओलावा आहे कीं नाहीं तें बोटाला नीट कळत नाहीं. शिवणीची घडी वरच्या ओठाला लावून पाहावी. तेथें गार लागली तर ती अजून ओली आहे.

त्या अमरावतीच्या कुटुंबानें हेंच केलें. बोळांतली दोरी काढून पंख्याखालीं आणली, मुलाला आठ पातळ चड्ड्या घेतल्या, टॉवेल ज्याचा त्याला झाला, आणि डॉक्टरांचें औषध डाग गेल्यावरही त्यांनीं सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवलें. दिवाळीपर्यंत चौघांच्याही अंगावर कांहीं राहिलें नाहीं. पुढील वर्षीं मृग लागण्यापूर्वीं छत्र्या दुरुस्तीला टाकल्या, त्याच दिवशीं त्या बाईंनीं कपाटांतल्या चड्ड्या आणि मोजेही मोजले.